उरीयाचं नाव घेऊन उपदेश करा

ताई, सलाम. मी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि पाळकसाहेब बाहेरगावी असले की आमच्या मंडळीत उपदेश करतो. लेंटच्या काळात पापकबुली आणि पश्चात्ताप या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी स्तोत्र 51 निवडलं आहे. मागे याच विषयावर मी फार कडक बोललो. त्यानंतर कुंभारीच्या घरकुलात राहणाऱ्या, जन्मभर बिड्या वळलेल्या एक आजी प्रभुभोजनाला पुढे येईनाशा झाल्या. त्यांचं एक लेकरू फार पूर्वी तापानं गेलं होतं. पुढच्या वेळी मी देवाच्या क्षमेवर मऊ बोललो. तेव्हा मंडळीतल्या बायकांची भिशी बुडवलेले एक गृहस्थ दारात माझा हात धरून म्हणाले, "आज मन हलकं झालं." ज्यांचे पैसे बुडाले त्यातल्या दोघी मागच्याच बाकावर होत्या. आता मी बोलू तरी कसा?
– एक उपदेशक, सोलापूर

भाऊ, सलाम.

स्तोत्र 51 निवडलंत ते योग्यच आहे, पण ते एकटं वाचू नका. त्याच्या मथळ्यातच लिहिलं आहे की दावीद बथशेबेकडे गेल्यावर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, त्या वेळचं हे स्तोत्र. म्हणजे ते कुठून वाचायला सुरुवात करायची हे शास्त्रानंच सांगून ठेवलंय. आधी 2 शमुवेल 11 मधली हकिकत तुमच्या शब्दांत सांगा, मग 12 व्या अध्यायातली पहिली 14 वचनं वाचून दाखवा आणि त्यानंतरच स्तोत्र उघडा.

हा क्रम का, ते चौथ्या वचनापाशी कळतं. तिथे दावीद देवाला म्हणतो की मी तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच पाप केलं आहे. हे वचन एकटं वाचलं की भिशीवाल्या गृहस्थांना हवा तो आसरा मिळतो. पाप देवाविरुद्ध, कबुली देवाजवळ, क्षमा देवाकडून, मग मागच्या बाकावरच्या बायकांचा यात संबंध कुठे आला? तुमच्या मऊ उपदेशानंतर त्यांचं मन हलकं झालं ते याच वाटेनं. त्यांनी ओझं खाली ठेवलं खरं, पण ते त्या दोघींच्या मांडीवर.

आता 11 वा अध्याय वाचा. उरीया हित्ती हा दावीदाच्याच सैन्यातला शिपाई. त्याची बायको बथशेबा राजानं आणवली आणि ती गरोदर राहिली. ते झाकायला राजानं उरीयाला लढाईवरून बोलावून घेतलं, पण सोबतचे शिपाई उघड्यावर तळ देऊन असताना मी घरी जाऊन निजणार नाही, असं म्हणून तो राजवाड्याच्या दाराशीच झोपला. मग दावीदानं यवाबाला पत्र लिहिलं की उरीयाला घनघोर लढाईत पुढे ठेवा आणि त्याच्यामागून सरका. ते पत्र त्यानं उरीयाच्याच हाती दिलं. हे सगळं सांगून झाल्यावर स्तोत्रातलं चौथं वचन वाचा, म्हणजे ते कानाला खटकेल. खटकलंच पाहिजे. 'मग उरीयाचं काय?' हा प्रश्न मंडळीच्या मनात येऊ द्या, आणि तो दाबू नका.

उत्तर त्याच स्तोत्रात थोडं पुढे आहे. 14 व्या वचनात दावीद रक्तपाताच्या दोषापासून सोडव अशी विनवणी करतो. ज्याचं रक्त सांडलं तो माणूस त्याच्या प्रार्थनेत आहे. चौथ्या वचनाचा अर्थ मी असा घेते की उरीयावर केलेला घाव देवालाही लागला, कारण उरीया देवाचा होता. माणसाविरुद्ध केलेलं पाप त्यामुळे अधिक जड होतं, माणूस हिशेबातून गळत नाही. पुढे मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूची वंशावळ येते तिथेही शलमोनाची आई बथशेबा या नावानं नोंदलेली नाही, उरीयाची बायको म्हणून नोंदलेली आहे. दावीदाला क्षमा मिळून शतकं उलटली होती, तरी उरीयाचं नाव पुसलं गेलं नाही. उपदेशात ही नोंद जरूर सांगा. ती ऐकताना मागच्या बाकावरच्या दोघींना कळेल की देवाच्या क्षमेत त्यांच्या नुकसानीची नोंद खोडली जात नाही. हे त्यांना कुणी सांगितलंय असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

आता 12 वा अध्याय, वचनं 13 आणि 14. तुमच्या दोन्ही उपदेशांची अडचण या दोन वचनांत आहे, त्यामुळे इथे सावकाश चाला.

दावीद म्हणतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. एवढंच. कारण देत नाही, परिस्थिती सांगत नाही. नाथान त्याच श्वासात उत्तर देतो की परमेश्वरानं तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. मध्ये एकही अट नाही, आधी रडून दाखव म्हणून सांगणं नाही, बघू म्हणून टांगून ठेवणं नाही. तुमचा कडक उपदेश इथे कमी पडला. पाप पदरी घेणाऱ्या माणसाला क्षमेचा शब्द तिथल्या तिथे आणि पूर्ण मिळाला पाहिजे. उपदेशकानं तो हातचा राखून ठेवायचा नसतो. पण त्याच अध्यायात याच्या आधी तलवार तुझ्या घरातून जाणार नाही असं नाथान सांगून चुकला आहे, आणि क्षमेनंतर तो शब्द मागे घेतला जात नाही. दावीदाचं पुढचं आयुष्य वाचलं की घरात काय काय झालं ते दिसतंच. क्षमा झाली म्हणून केलेल्याचे परिणाम नाहीसे झाले नाहीत. मऊ उपदेशातून सुटलं ते हे.

आणि मग 14 वं वचन: तुला झालेलं मूल मरेल. भाऊ, हे वचन वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर त्या आजी असल्या पाहिजेत. त्यांचं लेकरू तापानं गेलं. पोटासाठी दिवसभर तंबाखूच्या सुपापुढे बसलेल्या बाईनं त्या तापाचा दोष किती वर्षं स्वतःकडे घेतला असेल, कोण जाणे. पापामुळे देवानं दावीदाचं मूल नेलं, एवढंच तुम्ही वाचलंत आणि पुढे गेलात, तर त्या काय घेऊन घरी जातील ते तुम्ही ओळखालच. त्या कडक उपदेशात तुम्ही हा उतारा घेतला होता की नाही ते पत्रात नाही, पण त्या प्रभुभोजनाला येईनाशा झाल्या त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

म्हणून हे वचन वाचलंत की तिथेच थांबून दोन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, हा शब्द एका राजाबद्दल, एका प्रसंगी, एका संदेष्ट्याला मिळाला होता. आपल्या मंडळीतल्या कुठल्याही घरातल्या मरणाबद्दल असा शब्द मला मिळालेला नाही, पाळकांना नाही आणि शेजारणीलाही नाही. दुसरी, योहान 9 मध्ये जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं. येशू सरळ सांगतो की याचं नाही आणि याच्या आईबापांचंही नाही. हे वाक्य उपदेशात मोठ्यानं आणि शांतपणे म्हणा. त्यानंतर, 'मूल का नेलं?' या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. 14 वं वचन माझ्याही घशाखाली सहज उतरत नाही. ते गोड करून सांगायचा प्रयत्न केलात तर खोटं वाटेल. कठीण आहे असं म्हणा आणि पुढे चला.

नाथानाच्या रीतीबद्दल एक गोष्ट उपदेशकांच्या नजरेतून नेहमी निसटते. 'तो मनुष्य तूच आहेस' हे वाक्य फार गाजलेलं आहे, आणि ते वेदीवरून म्हणायचा मोह होतो. पण नाथान ते दावीदाला समोरासमोर म्हणाला, लोक जमवून नाही. आधी त्यानं गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, आणि निकाल दावीदाच्याच तोंडून बाहेर आला की त्या माणसानं चौपट भरून दिलं पाहिजे. उपदेशाचं काम त्या गोष्टीइतकं आहे. 'तूच' हा शब्द घरी जाऊन, दार लावून बोलायचा आहे. तुमची मंडळी लहान आहे. तुम्ही वेदीवरून भिशीचं नुसतं नाव काढलंत तरी सगळ्या माना एकाच बाजूला वळतील. मग ते गृहस्थ पश्चात्ताप करणार नाहीत, बचाव करतील, आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या मंडळीत जाऊन बसतील. म्हणून उपदेशात उदाहरण द्यायचंच झालं तर भिशीचं देऊ नका. कुणाच्या तरी नावानं केलेली खोटी सही, वजनात मारलेली दांडी, भावाच्या वाटणीतला दाबून ठेवलेला कागद, यातलं एखादं घ्या, आणि तेही मंडळीतल्या कुणाला लागू पडत नाही ना, ते आधी तपासून.

कबुली खरी आहे की नाही हे कळतं कसं, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण त्या गृहस्थांमुळे ते तुमच्या मनात असणारच. त्यासाठी दावीदाच्या शेजारी शौलाला उभं करा. 1 शमुवेल 15 मध्ये शौलही अगदी तेच म्हणतो, मी पाप केलं आहे. पण त्याआधी तो म्हणतो की मी आज्ञा पाळली, मेंढरं तर लोकांनी राखून ठेवली. कबूल करतानाही जोडतो की मी लोकांना भ्यालो. आणि 30 व्या वचनात पुन्हा कबुली देऊन लगेच विनंती करतो की निदान आता माझ्या लोकांच्या वडीलजनांसमोर माझा मान राख. शब्द तेच, पण शौलाचा डोळा स्वतःच्या अब्रूवर आहे. दावीद मानाबद्दल काही मागत नाही. हा फरक मंडळीला दाखवा आणि तिथेच सोडा. त्यावरून कुणाचं मन मोजायला बसू नका. रडण्यावरूनही मोजू नका. काही माणसांना रडू लवकर येतं, काहींना कधीच येत नाही.

कडक उपदेशात आणि मऊ उपदेशातही एक वाक्य हमखास येतं, 'आपण सगळेच पापी आहोत.' ते खरं आहे, पण या विषयावर बोलताना मी ते जपून वापरते. 'सगळेच' म्हटलं की भिशी बुडवणारा त्या गर्दीत निवांत उभा राहतो आणि ज्या आजींनी कुणाचं काही घेतलं नाही त्या स्वतःच्या वाट्याला जास्तीचं घेतात. त्यापेक्षा उपदेशात दोन माणसांशी वेगवेगळं बोला. "तुमच्या हातून कुणाचं नुकसान झालं असेल तर" असं सुरू करून काही वाक्यं, आणि "जे तुमच्या हातून घडलंच नाही त्याचा दोष तुम्ही वर्षानुवर्षं वागवत असाल तर" असं सुरू करून काही वाक्यं. दोघांनाही आपापलं ऐकू येतं आणि कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. तिसऱ्यांना म्हणजे नुकसान सोसलेल्यांना एवढंच सांगा की आज कुणी तुमच्याकडून क्षमा मागून घेणार नाही. "बायांनो, आता मोठं मन करा" हे वाक्य वेदीवरून मुळीच येऊ देऊ नका. लूक 17 मध्ये येशू आधी दोष दाखवायला सांगतो, मग तो पश्चात्ताप करील तर क्षमा करायला सांगतो. हा क्रम उलटा करून नुकसान झालेल्यांनाच आधी कामाला लावायचं, हा अन्याय आहे.

उपदेश साधारण 25 मिनिटांचा धरा. उरीयाची हकिकत आणि नाथानाची भेट यालाच निम्मा वेळ जाऊ द्या, कारण गोष्ट नीट ऐकली तर पुढचं अर्धं काम आपोआप होतं. मग शौल, थोडक्यात. मग 13 वं आणि 14 वं वचन, वर सांगितलं तसं. शेवटी स्तोत्र 51 पूर्ण वाचा, स्पष्टीकरण न देता. त्यानंतर दोनेक मिनिटं शांत राहू द्या, पेटी वाजवू नका, कारण सुरांवर माणूस भावनेत वाहतो आणि स्वतःचं नाव घ्यायला विसरतो. मग पापांगीकाराची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणावी आणि लगेच 1 योहान 1:9 वाचून क्षमेचं वचन द्यावं. ते देताना 'पण' जोडू नका. भरपाईची गोष्ट क्षमेच्या वचनाला शेपटासारखी लावली की लोकांना ती क्षमेची किंमत वाटते. ती उपदेशातच, जक्कयाच्या रूपानं, आधी येऊन गेलेली असावी. लूक 19 मध्ये येशू जक्कयाच्या घरी उतरायचं आधी ठरवतो, आणि मग जक्कय उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. घरी येण्यासाठी येशूनं पैसे मागितले नव्हते. पण येशू घरी आल्यावर ते पैसे जक्कयाला घरात ठेववेनात.

आता ते गृहस्थ. उपदेशानंतर कदाचित ते पुन्हा तुमचा हात धरतील. तेव्हा दारात बोलू नका. संध्याकाळी घरी येतो म्हणा, आणि पाळकसाहेबांना सोबत न्या. तिथे नाथानासारखं सरळ बोला. क्षमा देवाची आहे, ती मागा, तो देतो. पैसे मात्र बायकांचे आहेत, ते माफ करण्याचा अधिकार मला नाही. मग कागद घ्या. नेमका आकडा मला माहीत नाही, म्हणून उदाहरण धरू. सहा बायकांचे प्रत्येकी 7,000 रुपये अडकले आहेत. गणना 5 मध्ये नियम आहे की अपराध्यानं आपलं पाप कबूल करावं, मुद्दल पूर्ण भरावं आणि वर पाचवा हिस्सा घालून ज्याचं नुकसान झालं त्याला द्यावं. सात हजारांचा पाचवा हिस्सा 1,400, म्हणजे एकीचे 8,400, सहाजणींचे 50,400. एकदम जमत नसेल तर महिन्याला प्रत्येकीला 700 प्रमाणे बरोबर एका वर्षात फिटतात. तुम्ही हिशेबाचं काम करता, हा तक्ता तुम्हीच छान मांडू शकाल. नावं, रक्कम, हप्त्याची तारीख आणि घेणारीची सही. पैसे त्यांनी स्वतः नेऊन द्यावेत, पण सोबत मंडळीतल्या एखाद्या जबाबदार बाई असाव्यात, म्हणजे घेणारीला संकोच होणार नाही आणि नंतर 'दिले', 'नाही दिले' होणार नाही. पैसे मंडळीच्या दानपेटीत टाकू देऊ नका. बरीच माणसं ही पळवाट काढतात. दान दिलं की मंडळीत नाव होतं, आणि ज्यांचं बुडालं त्या तशाच राहतात.

ते नाही म्हणाले तर? शौलासारखी कारणं सुरू झाली, भिशीतल्याच कुणी हप्ते थकवले, धंदा बसला, मग वाद घालू नका. कारणं खरीही असू शकतात, आणि तसं असेल तर हप्त्याची रक्कम कमी होईल, यादी कमी होणार नाही. अगदीच तयार नसतील तर 'मन हलकं झालं' याला तुम्ही होकार देऊ नका. गप्प राहिलात तरी त्यांना कळेल. आणि त्या बायकांनी पोलिसांत किंवा कोर्टात जायचं ठरवलं तर मंडळीचं नाव खराब होईल म्हणून त्यांना अडवू नका.

एका बाबतीत मात्र यातलं काहीच लागू होत नाही. कबुलीत कुणी लहान मुलावर लैंगिक अत्याचार केल्याचं सांगितलं, तर ती गोष्ट गुप्त ठेवायची नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलाबाबत असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं ज्याला कळलं त्याच्यावर बंधनकारक आहे. माझं मत विचाराल तर प्रार्थना नंतर करा, फोन आधी.

आजींकडे उपदेशाच्या आधीच जा, नंतर नको. रविवारी त्यांनी वेदीवरून 14 वं वचन पहिल्यांदा ऐकावं असं मला वाटत नाही. कुंभारीला जाऊन बसा, त्यांच्या लेकराचं नाव विचारा, ते कसं गेलं ते त्यांना सांगू द्या आणि ते सांगणं अर्ध्यात तोडू नका. त्या म्हणाल्या की माझ्या पापानं गेलं, तर 'नाही आजी, तसं नाही' एवढंच घाईनं म्हणून विषय संपवू नका. असल्या धीरानं त्यांना आणखी एकटं वाटतं. कुठलं पाप, असं विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं ते असं काही, की दवाखान्यात न्यायला उशीर केला, पैसे नव्हते, सासूनं जाऊ दिलं नाही. त्यात खरोखर त्यांचं असं काही निघालं, कुणाशी वागलेलं, कुणाला बोललेलं, तर ते पदरी घेऊ द्या आणि क्षमेचं वचन तिथेच वाचून द्या. बाकीच्याबद्दल योहान 9 वाचा. त्यानंतरही त्या तेच तेच पुन्हा कबूल करत राहिल्या, झोप उडालेली असली, जेवण तुटलेलं असलं, तर त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा कबुली घेऊ नका, त्यानं ते वाढतं. घरच्यांशी बोलून त्यांना डॉक्टरांकडे न्या. आणि प्रभुभोजनाच्या दिवशी त्या पुढे आल्या नाहीत तर पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे भाकर आणि प्याला घेऊन ते त्यांच्या बाकापाशी जातील.